उतारा दोनदा ऐकवला जाईल

आठवी अ च्या वर्गात बाई इंग्रजीचा उतारा वाचून दाखवतात. मुले ऐकतात आणि प्रश्न सोडवतात. पुढच्या तासाला आठवी ब. उतारा तोच, प्रश्न तेच, बाईही त्याच. पण मधल्या दहा मिनिटांत बाईंनी अ तुकडीचे चार-दोन पेपर चाळलेले असतात आणि तिसरा प्रश्न बऱ्याच जणांना जमलेला नाही हे त्यांनी पाहिलेले असते. मग ब तुकडीत ते वाक्य आले की आवाज नकळत चढतो, नेमक्या शब्दाआधी किंचित थांबणे होते, कधी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलेही जाते. ब तुकडीला तिसरा प्रश्न सोपा जातो. गुणपत्रकात मात्र दोन्ही तुकड्यांचे गुण एकाच रकान्यात बसतात.

यात बाईंचा काही दोष नाही. समोरच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला की आवाज बदलतो, आणि शिकवताना तो बदललाच पाहिजे. परीक्षेत मात्र तीच सवय आड येते. दुसऱ्यांदा वाचताना वेग कमी होतो, उत्तराच्या शब्दावर जोर पडतो, आणि मुलाला भाषा किती समजली याऐवजी बाईंचा सूर किती ओळखता आला हे मोजले जाते.

म्हणून जिथे ऐकण्याची परीक्षा मनावर घेतली जाते, तिथे उतारा ध्वनिमुद्रित असतो. पुण्या-मुंबईतली बरीच मुले फ्रेंचची डेल्फ परीक्षा देतात. तिच्या सुरुवातीच्या पातळीवर प्रश्न वाचायला ३० सेकंद मिळतात, मग उतारा ऐकवतात, पुन्हा ३० सेकंदांची उसंत, तोच उतारा दुसऱ्यांदा, आणि उत्तरे तपासायला शेवटचे ३० सेकंद. केंब्रिजच्या शालेय पातळीवरच्या इंग्रजी परीक्षांतही प्रत्येक भाग दोनदा वाजतो. आयईएलटीएसमध्ये तो एकदाच वाजतो, कारण परदेशी विद्यापीठात प्राध्यापक व्याख्यान दोनदा देणार नसतात. शाळकरी मुलांसाठी मी दोनदाच्या बाजूने आहे. पहिल्या वेळी कोण बोलतेय, कुठे बोलतेय, विषय काय आहे एवढे कळते. तपशील हाती लागतो तो दुसऱ्या वेळी. शिवाय एकदाच ऐकवले तर शेजारच्याच्या एका शिंकेत एक गुण जातो.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत भाषांच्या १०० पैकी २० गुण शाळेतच घेतल्या जाणाऱ्या परीक्षेचे असतात आणि त्यात ऐकण्याचाही भाग येतो. म्हणजे हे काम शेवटी शाळेतल्याच कोणाला तरी करायचे असते. त्याला स्टुडिओ लागत नाही. एक फोन, एक संगणक, ऑडॅसिटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर आणि एक शांत दुपार एवढे पुरते. मात्र काही गोष्टी कशा आणि का करायच्या हे माहीत असावे लागते, नाहीतर बाईंनी वाचलेला उताराच बरा होता असे म्हणायची वेळ येते.

एक प्रत्यक्ष चाचणी घेऊ. मराठी माध्यमाची आठवी, विषय इंग्रजी. सना आपल्या मामेभावाला, ओंकारला, फोन करते आणि गावच्या जत्रेला कधी यायचे ते दोघे ठरवतात. सुमारे १५० शब्दांचा संवाद आणि त्यावर पाच प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय.

संवाद लिहितानाच निम्मी चाचणी ठरते. लेखी उतारा आणि ऐकायचा उतारा यांत फरक असतो. वाचणारे मूल मागे जाऊन ओळ पुन्हा पाहू शकते, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्यामुळे दोन उत्तरे एकाच वाक्यात ठेवायची नाहीत. एकावर खूण करेपर्यंत दुसरे निघून जाते. दोन उत्तरांच्या मध्ये निदान एक-दोन भरीची वाक्ये हवीत. प्रश्नांचा क्रम संवादाच्या क्रमाप्रमाणेच असावा. पहिल्या वाक्यात उत्तर ठेवायचे नाही, कारण नव्या आवाजाशी कान जुळायला काही सेकंद जातात.

आणि उत्तर ऐकू आलेल्या पहिल्या शब्दात नसावे. आपल्या संवादात सना आधी शनिवारी यायचे म्हणते. ओंकार सांगतो की शनिवारी त्याचा सामना आहे. मग दोघे रविवार ठरवतात. कोणत्या दिवशी जायचे, या प्रश्नाच्या पर्यायांत शनिवारही आहे आणि रविवारही. ज्या मुलाने नुसता एक शब्द टिपला ते शनिवारवर खूण करते. ज्याने बोलणे समजून घेतले ते रविवारवर करते. हा ऐकून समजण्याचा प्रश्न झाला. याउलट जत्रेसाठी वर्गणी फिफ्टीन रुपये की फिफ्टी रुपये असा प्रश्न घातला, तर स्वस्त स्पीकरवर शेवटचा ‘न’ शेवटच्या बाकापर्यंत पोचतच नाही. मग परीक्षा स्पीकरची होते. असा प्रश्न घालायचाच असेल तर संवादात त्या रकमेला आणखी एक आधार द्यावा. उदाहरणार्थ, सनाने पन्नासची नोट दिली आणि पस्तीस रुपये परत मिळाले.

आता आवाज. बातम्या देणारा इंग्रजी निवेदक मिनिटाला साधारण १५० ते १६० शब्द बोलतो. आठवीच्या मुलांसाठी १२० च्या आसपासचा वेग ठीक. या हिशेबाने १५० शब्दांचा संवाद ७५ सेकंदांत संपतो. वेग कमी करायचा म्हणजे शब्द ताणायचे नाहीत. शब्द नेहमीसारखे बोलायचे आणि वाक्यांच्या मध्ये थांबायचे. ताणलेले इंग्रजी खऱ्या आयुष्यात कोणी बोलत नाही, आणि आधी सवयीच्या वेगात बोलून नंतर सॉफ्टवेअरने संथ केलेला आवाज तर आजारी माणसासारखा लागतो.

मुद्रणासाठी वर्गखोली नको. रिकाम्या वर्गात भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात आणि ते घुमणे एकदा मुद्रणात शिरले की काढता येत नाही. घरातली कपाटे, पलंग आणि पडदे असलेली खोली चांगली. समोर खुर्चीवर एक गोधडी टाकली तर आणखी चांगली. पंखा बंद करायचा आणि फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दारही लावायचे. फोन तोंडापासून वीतभर किंवा थोडा अधिक लांब ठेवावा, अगदी समोर नको, किंचित बाजूला. समोर ठेवला तर प, फ, ब म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो.

सना आणि ओंकार यांचे संवाद वेगवेगळे मुद्रित करावेत. दोघांनी एका फोनभोवती बसून बोलले तर एकाचा आवाज जवळून येतो, दुसऱ्याचा लांबून. शिवाय बऱ्याच फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. कोणी मोठ्याने बोलले की फोन माइक दाबतो, शांतता झाली की वाढवतो. ऐकताना हे ओळखता येते. वाक्य संपले की मागची सूं सूं हळूहळू फुगत जाते आणि पुढचे वाक्य सुरू होताच दबते. आवाज मुद्रित करण्याच्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करावी. नसेल तर एका सुरात, एकाच अंतरावरून बोलावे, म्हणजे फोनला ढवळाढवळ करायला फारसे कारण उरत नाही.

थोडी खरखर राहिलीच तर ऑडॅसिटीत ती कमी करता येते. आधी दोन सेकंदांची निव्वळ खरखर निवडून सॉफ्टवेअरला दाखवायची आणि मग सगळ्या मुद्रणातून ती वजा करायला सांगायचे. इथे हात आखडता ठेवावा. जास्त ओरबाडले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि सर्वात आधी जातात ते स, फ, थ यांसारखे हवेचे उच्चार. इंग्रजीतले अनेकवचन त्या शेवटच्या ‘स’वर उभे असते. थोडी खरखर परवडली, ‘स’ गेलेला परवडत नाही.

पुढचा भाग सर्वात जास्त फसवणारा आहे. सगळ्या तुकड्यांचा आवाज सारखा कसा करायचा? ऑडॅसिटीत `Normalize` नावाची आज्ञा दिसते आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. ती आज्ञा मुद्रणातला सर्वात उंच क्षण शोधते आणि तो ठरावीक उंचीला आणून बसवते. ओंकारच्या मुद्रणात त्याचा हात टेबलावर आपटला असेल, तर सर्वात उंच क्षण तो आपटण्याचा. सॉफ्टवेअर त्याला छताला टेकवते आणि ओंकारचे बोलणे खालीच राहते. सनाच्या मुद्रणात तसे काही नाही, म्हणून तिचे बोलणे वर येते. पडद्यावर दोन्ही फाइली सारख्या उंच दिसतात, कानाला मात्र सना ओरडते आणि ओंकार पुटपुटतो.

दूरचित्रवाणीवर मालिका संपून जाहिरात लागली की दचकून रिमोट शोधावा लागायचा, त्यामागेही हेच होते. जाहिरातवाल्यांनी उंचीची मर्यादा पाळून आवाज दाट केलेला असायचा. त्यावर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने माणसाच्या कानाला आवाज किती मोठा वाटतो याच्या जवळ जाणारी मोजणी ठरवून दिली, आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने त्या मोजणीनुसार प्रक्षेपणाची पातळी उणे २३ धरली. तिचे एकक पडद्यावर `LUFS` असे दिसते. ऑडॅसिटीत `Loudness Normalization` ही आज्ञा याच मोजणीने काम करते, आणि आपल्याला हवी ती हीच.

वर्गातल्या छोट्या स्पीकरसाठी उणे २३ जरा हलके पडते. उणे १८ धरावे. आकडा नेमका कोणता यापेक्षा सगळ्या तुकड्यांना एकच आकडा आणि एकच मांडणी असणे महत्त्वाचे. सगळे मुद्रण मोनो ठेवा. त्या आज्ञेच्या चौकटीत मोनोसाठी एक खूण करायची जागा असते, ती एका फाइलला केली तर सगळ्यांना करा. नाहीतर तेवढ्याने ३ डेसिबलचा फरक पडतो. आवाज वाढवल्यावर लहर पडद्यावर वरच्या-खालच्या कडेला चिकटलेली दिसली तर समजावे की तिथे आवाज फाटणार, आणि `Limiter` वापरून तेवढी टोके दाबावीत.

ही आज्ञा संपूर्ण संवादावर चालवायची नाही. संवादाची सरासरी उणे १८ आली म्हणजे आतले दोघे सारखे झाले असे नाही. सना उणे १५ आणि ओंकार उणे २३ असूनही सरासरी तिथेच येऊ शकते. म्हणून आधी सनाची सगळी वाक्ये एका पट्टीवर आणि ओंकारची दुसऱ्या पट्टीवर ठेवावीत, दोन्ही वेगवेगळ्या सारख्या कराव्यात आणि मग संवाद जुळवावा. सना गप्प असतानाची जागा या मोजणीत धरली जात नाही, त्यामुळे पट्टीतल्या रिकाम्या जागांची चिंता नको. अगदी छोट्या तुकड्यांवर मात्र ही मोजणी भरवशाची नाही. ‘उतारा पहिला’, ‘आता उत्तरे तपासा’ यांसारख्या सेकंद-दोन सेकंदांच्या सूचना एकेक करून मोजू नका. त्या सगळ्या एका दमात मुद्रित करा, एकत्र सारख्या करा, मग कापा.

आता उसंत, म्हणजे मधल्या मोकळ्या जागा. याबाबतीत बहुतेकांचा कल अंदाजाने अर्धा मिनिट सोडण्याकडे असतो. त्यापेक्षा मोजलेले बरे. आपल्या पाच प्रश्नांत पर्यायांसकट सुमारे ९० शब्द आहेत. परभाषेत वाचणारे आठवीतले मूल मिनिटाला ९०-१०० शब्द वाचते असे धरले तर एक मिनिट लागेल. पण धरण्यापेक्षा दुसऱ्या शाळेतल्या किंवा नववीतल्या तीन-चार मुलांना प्रश्न द्या, घड्याळ लावा आणि संथ वाचणाऱ्या मुलाचा वेळ घ्या. उत्तरांसाठी असाच हिशेब. पर्यायावर खूण करायला पाच ते आठ सेकंद पुरतात, एक शब्द लिहायला दहा-बारा, पूर्ण वाक्य लिहायला अर्धा मिनिट. पूर्ण वाक्य लिहायला लावणे मुळात टाळावे, कारण त्यात शुद्धलेखनाची परीक्षा मिसळते आणि मूल लिहिण्यात गुंतल्यावर त्याचे ऐकणे थांबते.

जास्त उसंत दिली तर मुलांचे भलेच होईल असे वाटते, पण तसे होत नाही. दीड मिनिट मोकळे मिळाले की वर्गात चुळबुळ सुरू होते, पेपर सरकतात, डोळे शेजारी वळतात. आपल्या चाचणीत प्रश्न वाचायला ६० सेकंद, उतारा ७५, मध्ये ३० सेकंद, पुन्हा उतारा ७५ आणि शेवटी ४५ सेकंद. सुरुवातीची सूचना २५ सेकंदांची आणि दोन्ही वेळा उताऱ्याआधी ३ सेकंदांचा इशारा. एकूण ३१६ सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटे. असे तीन उतारे घेतले तर सोळा मिनिटे होतात. पेपर वाटणे आणि गोळा करणे धरूनही पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे बसते.

तो ३ सेकंदांचा इशारा, म्हणजे एक टण्ण आणि सेकंदभर शांतता, नुसता शिष्टाचार नाही. पुष्कळ ब्लूटूथ स्पीकर वीज वाचवण्यासाठी शांततेत डुलकी घेतात. मिनिटभराच्या उसंतीनंतर आवाज सुरू झाला की जागे व्हायला त्यांना क्षण लागतो आणि पहिला शब्द गिळला जातो. इशारा आधी वाजला की गिळला जाईल तो इशारा, उतारा शाबूत राहतो. मुलांचेही लक्ष परत येते. शक्य असेल तिथे स्पीकरला वायरनेच जोडावे.

हे सगळे तुकडे जोडायचे कसे? ऑडॅसिटीत एकाच लांब पट्टीवर `Generate > Silence` वापरून मोकळ्या जागा घालता येतात, उतारा निवडून दुसऱ्यांदा चिकटवता येतो. एका चाचणीपुरते हे ठीक आहे. पण शेवटच्या क्षणी एखादी उसंत बदलायची ठरली की पुढचे सगळे सरकवत बसावे लागते. संगणकावर आज्ञा टंकण्याची भीती नसेल तर दुसरा मार्ग अधिक साफ आहे, आणि तोही मोफत. `ffmpeg` हे साधन तुकड्यांची यादी वाचून त्यांची माळ ओवते. आधी ३० सेकंदांची शांतता तयार करायची:

```
ffmpeg -f lavfi -i anullsrc=r=44100:cl=mono -t 30 -c:a pcm_s16le s30.wav
```

३० च्या जागी ६० आणि ४५ घालून आणखी दोन फाइली. मग `list.txt` नावाच्या साध्या मजकूर फाइलीत चाचणीचा क्रम लिहायचा:

```
file 'suchana.wav'
file 's60.wav'
file 'ishara.wav'
file 'utara1.wav'
file 's30.wav'
file 'ishara.wav'
file 'utara1.wav'
file 's45.wav'
```

आणि जोडायचे:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy chachani.wav
```

यादीत `utara1.wav` दोनदा आले आहे, आणि चाचणीचा सगळा प्रामाणिकपणा त्या दोन ओळींत आहे. दुसऱ्यांदा ऐकू येतो तो तोच आवाज, तोच वेग, तोच जोर. उसंत बदलायची असेल तर एक ओळ बदला आणि पुन्हा जोडा. यादी छापून मुख्याध्यापकांपुढे ठेवली तर चाचणी कशी चालेल हे त्यांना न ऐकताही कळते.

एक अट पाळावी लागते. सगळे तुकडे एकाच साच्यातले हवेत: मोनो, १६ बिट, ४४१०० चा दर. फोनचे मुद्रण अनेकदा ४८००० च्या दराचे असते आणि ते तसेच जोडले गेले तर तेवढाच उतारा जाड, रेंगाळलेल्या आवाजात वाजतो. ७५ सेकंदांचा उतारा जवळजवळ ८२ सेकंद चालतो. म्हणून जोडणी झाल्यावर एकूण वेळ पाहावी. आपल्या हिशेबाने ३१६ सेकंद आणि प्लेअर ३२९ दाखवत असेल, तर दोन्ही उतारे चुकीच्या दराने गेलेत हे न ऐकताच समजते. ऑडॅसिटीतून प्रत्येक तुकडा ठरलेल्या साच्यात पुन्हा काढला की काम झाले. एमपीथ्री करायची ती अगदी शेवटी, एकदाच.

आता वर्ग. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते आणि तिच्या इंग्रजी श्रवणाच्या वेळी देशभर विमानांचे उड्डाण आणि उतरणे ३५ मिनिटे थांबवतात. जपानने २००६ मध्ये प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवण आणले तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती इअरफोनसह छोटा प्लेअर दिला, म्हणजे पुढचा बाक-मागचा बाक हा भेदच राहिला नाही. आपल्याला भंगारवाल्याचा भोंगाही थांबवता येत नाही. पण निदान वेळ निवडता येते. पत्र्याच्या छपराखाली जुलैच्या पावसात श्रवणचाचणी ठेवू नये. त्या आवाजापुढे कोणताही स्पीकर हरतो. शेजारच्या वर्गाचा खेळाचा तास, मधली सुट्टी, प्रार्थनेची घंटा यांचे वेळापत्रक बघून चाचणीची तासिका ठरवावी.

स्पीकर टेबलावर ठेवला की पुढच्या बाकांना आवाज थेट मिळतो आणि मागच्यांना भिंतींवरून परतलेला. मागचे ‘ऐकू येत नाही’ म्हणतात, आपण आवाज वाढवतो, त्याबरोबर घुमणेही वाढते आणि शब्द आणखी मिसळतात. त्यांची अडचण मोठ्या आवाजाची नसून स्पष्टतेची असते. स्पीकर बसलेल्या मुलांच्या डोक्यापेक्षा थोडा वर ठेवावा आणि त्याचे तोंड वर्गाच्या मध्याकडे करावे. शेवटचे दोन बाक रिकामे ठेवून मुले पुढे बसवता आली तर उत्तम. दणदणाटी बास वाढवणारे बटण बंद करावे, ते लग्नाच्या वरातीसाठी आहे. चाचणी सुरू होण्याआधी त्याच आवाजातले, चाचणीत नसलेले अर्ध्या मिनिटाचे बोलणे वाजवावे, शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः ऐकावे, मुलांना विचारावे आणि पातळी ठरवावी. एकदा ठरली की मग आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. फोनवरून वाजवत असाल तर तो विमान मोडवर टाका; उताऱ्याच्या ऐन मध्यात व्हॉट्सॲपची टिंग वाजली की वर्ग हसतो आणि दोन वाक्ये वाया जातात.

आणि काही बिघडलेच तर? वीज गेली, बाहेर ढोल वाजला, कोणाला चक्कर आली. तेव्हा काय करायचे ते आधी ठरवून लिहून ठेवा, म्हणजे अ तुकडीला एक न्याय आणि ब ला दुसरा असे होणार नाही. साधा नियम असा की मधेच थांबवायचे नाही, चाचणी शेवटपर्यंत चालू द्यायची आणि बिघडलेला उतारा सर्वांना शेवटी आणखी एकदा ऐकवायचा. वीज गेली तर उपाय नाही, म्हणून स्पीकर चार्ज केलेलाच आणावा. ज्या मुलाला कमी ऐकू येते त्याच्यासाठी ही चाचणी तशीच वापरणे अन्याय आहे. त्याला वेगळ्या खोलीत, समोरासमोर बसून, ओठ दिसतील असे वाचून दाखवावे.

चाचणी मुलांपुढे नेण्याआधी एक तपासणी करून घ्यावी. उतारा न ऐकवता नुसते प्रश्न चार-पाच मुलांना द्यावेत. तीन पर्यायांत नुसत्या अंदाजाने पाचपैकी दीड-दोन उत्तरे बरोबर येणारच. पण एखादे उत्तर सगळ्यांनी बरोबर दिले असेल तर तो प्रश्न ऐकण्याचा नाही. जत्रेत काय खाल्ले, याला पर्याय जिलेबी, साबण आणि छत्री असे ठेवले तर ऐकायची गरजच काय!

दुसरी तपासणी चाचणी झाल्यावरची. सहसा ती कोणी करत नाही. पेपर गोळा करताना बाकांच्या क्रमाने गोळा करा आणि तो क्रम मोडू नका. प्रत्येक प्रश्नाची चुकलेली उत्तरे वर्गाच्या नकाशावर मांडा. चुका वर्गभर विखुरलेल्या असतील तर प्रश्न अवघड होता, किंवा मुलांना तो भाग येत नाही. दोन्ही शिक्षकाच्या कामाचे. पण चौथ्या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या चुका मागच्या दोन रांगांत, खिडकीच्या बाजूला सापडल्या, तर तिथल्या मुलांना ते वाक्य पोचलेच नव्हते. मागे हुशार मुले बसत नाहीत असे म्हणून हे सोडून देऊ नका. त्याच रांगांनी दुसऱ्या प्रश्नाला काय केले ते पाहा. दुसरा बरोबर आणि चौथाच चुकला असेल तर त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी वाजत होते. अशा प्रश्नाचा गुण कोणाचाही धरू नये, सर्वांसाठी तो रद्द करावा.

शेवटची विनंती त्या शिक्षकांना, जे हे सगळे करून फाइल पेनड्राइव्हवर टाकतील आणि मोकळे होतील. नुसती जोडलेली फाइल जपू नका. संवादाची संहिता, सनाची आणि ओंकारची वेगवेगळी मुद्रणे, सूचना, शांततेच्या फाइली आणि यादी असे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा आणि आवाजाची पातळी उणे १८ ठेवली होती हे त्याच यादीशेजारी लिहा. पुढच्या वर्षी तुमची बदली झालेली असली तरी नव्या बाईंना फक्त उतारा बदलावा लागेल.